‘शेवटच्या ओळीतला दुसरा कॉलम’ म्हणजे नेमका कुठला? एका आकड्यापायी दोन शेतकऱ्यांचे पैसे कमी गेले

पल्लवी_ओझर

नमस्कार मंडळी. आमच्या भागातले बारा-तेरा द्राक्ष बागायतदार मिळून माल विकतात. त्यांचा हिशोब मी गूगल शीटमध्ये ठेवते. कॉलम असे आहेत: A तारीख, B शेतकरी, C गाडी नंबर, D क्रेट, E निव्वळ वजन, F दर, G रक्कम. गाडी नंबर रोज लागत नाही, म्हणून C लपवून ठेवलाय.

सगळ्यांचा व्यवहार माझे काका बघतात. एप्रिलमध्ये एके रात्री नऊच्या सुमारास त्यांचा मेसेज आला: “शेवटच्या ओळीतला दुसरा कॉलम १८४० कर, चुकून १४८० पडलंय.”

मी साडेनऊला शीट उघडली. ती तारखेप्रमाणे लागलेली असावी म्हणून आधी A वर A→Z सॉर्ट केलं. दुसरा कॉलम म्हणजे वजनच असणार हे मला कळलं, कारण काका नाव आणि तारीख कधीच मोजत नाहीत. त्यांच्या लेखी आकडे सुरू होतात तिथून पहिला क्रेट, दुसरा वजन. शेवटच्या ओळीत E मध्ये २२०० होतं. काका म्हणतात १४८०, इथे २२००, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण रात्र झाली होती, दिवसभर पावत्या चढवून डोळे गेले होते. केलं १८४० आणि झोपले.

आठ दिवसांनी पेमेंट वाटलं आणि दोघांचे फोन आले. एकाची पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीची, ३१ मार्चची गाडी. त्याचं वजन मी २२०० चं १८४० केलं होतं, म्हणजे ३६० किलो कमी. ३८ च्या दराने १३,६८० रुपये. दुसऱ्याची ८ एप्रिलची गाडी, तिथलं १४८० तसंच राहिलं होतं. पुन्हा ३६० किलोच, दर ३५, म्हणजे १२,६०० रुपये. पैसे देऊन भरपाई झाली, तो विषय संपला.

प्रश्न वेगळाच आहे. मी तारखेप्रमाणे लावलं होतं ना? मग ८ एप्रिल सोडून ३१ मार्च शेवटी कशी गेली? आणि असे निरोप कसे द्यायचे म्हणजे पुन्हा घोळ होणार नाही?

बागायतदार_दिंडोरी

ताई, हे दुखणं आमच्याकडं रोजचं आहे. परवा गडी मजुरांना सांगून आला, दुसऱ्या ओळीपासून शेंडा मारा. त्यांनी विहिरीकडून दुसरी धरली, मला रस्त्याकडून पाहिजे होती. विहिरीकडच्या ओळींना छाटणी आठ दिवस उशिरा झालेली, तिथं शेंडा मारायची वेळच नव्हती. दीड एकराचा प्लॉट, ओळी पंचेचाळीस. आता कडेच्या अँगलवर ऑइलपेंटने नंबर टाकलेत. तुम्ही पण टाका.

सातपूरकर

सोपं आहे. माणसाने ओळ शोधायचीच कशाला? VLOOKUP लावा, नाव टाकलं की वजन समोर येतं. B पासून मोजलं की वजन चौथं:

```
=VLOOKUP("शेतकऱ्याचं नाव",B:E,4)
```

शेवटची ओळ, पहिली ओळ ही भानगडच उरत नाही. कंपनीत आम्ही स्टोअरचा सगळा माल असाच काढतो.

वजनकाटा

पल्लवीताई, उत्तर द्यायच्या आधी दोन गोष्टी विचारतो. शीट तुम्हीच तयार केली का, आणि File > Settings मध्ये Locale काय दिसतंय? दुसरं, तारखांचा कॉलम तुम्ही हाताने मध्यभागी आणलाय का?

पल्लवी_ओझर

शीट माझ्या भावाने करून दिली. Locale मध्ये United States आहे. आणि हो, सगळे कॉलम मीच मध्यभागी आणले, नीटनेटकं दिसावं म्हणून. त्याचा काय संबंध?

वजनकाटा

संबंध आहे, आणि तुमचं ३१ मार्चचं कोडं त्यातच सुटतं.

United States लोकेलमध्ये शीट तारीख महिना-दिवस-वर्ष अशी वाचते. तुम्ही ८ एप्रिल म्हणून 08/04/2025 टाकता, ती त्याला ४ ऑगस्ट समजते. दिसायला 08/04/2025 च दिसतं, म्हणून संशय येत नाही. आता ३१ मार्च, म्हणजे 31/03/2025 टाका. एकतिसावा महिना कुठून आणायचा? त्यामुळे शीट ती तारीख मानतच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवून देते. तेरा ते एकतीस तारखेच्या सगळ्या नोंदी अशा मजकूर झालेल्या असणार, आणि एक ते बाराच्या खऱ्या तारखा, पण उलट्या.

A→Z लावलं की आकडे आधी येतात आणि मजकूर त्यांच्या खाली. तारीख हा आतून आकडाच असतो. तुमच्या पाच नोंदी घेऊन दाखवतो. डावीकडे सॉर्टनंतरचा क्रम, उजवीकडे शीटने काय समजून तो लावला:

```
05/04/2025   4 मे
08/04/2025   4 ऑगस्ट
12/03/2025   3 डिसेंबर
25/03/2025   मजकूर
31/03/2025   मजकूर
```

मजकुरात 31 ने सुरू होणारं सगळ्यात शेवटी. तुमच्या शीटमध्ये जानेवारीतलीही एखादी 31 असेल तर ती मार्चच्या वर गेली असणार, कारण पुढे 01 आणि 03 ची तुलना होते. तेव्हा तुमच्या ‘शेवटच्या ओळीत’ ३१ मार्च येणारच होती, आणि काकांची शेवटची ओळ, जी त्यांनी नऊ वाजता तुम्ही सॉर्ट करण्याआधी पाहिली, ती ८ एप्रिलची. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

मध्यभागी आणण्याचं का विचारलं ते सांगतो. काही न करता ठेवलं असतं तर खऱ्या तारखा उजवीकडे चिकटतात आणि मजकूर डावीकडे. कॉलम फाटल्यासारखा दिसला असता आणि तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. नीटनेटकेपणाने ती खूण पुसली. माझ्याकडे येणाऱ्या शीटमध्ये मी आधी कॉलमची मांडणी काढून टाकतो, मग बघतो.

पल्लवी_ओझर

अरे देवा. आत्ता करून पाहिलं. अर्धा कॉलम डावीकडे, अर्धा उजवीकडे. पूर्ण हंगामाच्या २१० ओळी आहेत. लोकेल India केलं की सगळं आपोआप नीट होईल ना?

वजनकाटा

नाही, आणि ते आधी करू नका. लोकेल बदलल्यावर पुढे टाकाल त्या तारखा बरोबर वाचल्या जातील. पण जी ४ ऑगस्ट म्हणून आत गेली ती ४ ऑगस्टच राहते. उलट 04/08/2025 अशी दिसायला लागेल आणि तुम्ही आणखी गोंधळाल. शिवाय नव्या बरोबर नोंदी आणि जुन्या उलट्या एकत्र झाल्या की वेगळ्या काढायला काहीच खूण उरत नाही.

आधी शीटची एक प्रत करा. मग शेवटी एका रिकाम्या कॉलममध्ये हे लावा, खाली ओढा:

```
=IF(ISNUMBER(A2),
  DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)),
  DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2)))
```

खरी तारीख असेल तर दिवस आणि महिन्याची अदलाबदल, मजकूर असेल तर त्यातून तुकडे काढून तारीख. ४ ऑगस्टची ८ एप्रिल होते. ५ मे आहे तशीच राहते, दोन्हीकडे पाचच आहे. मग तो कॉलम कॉपी करून A वर Ctrl+Shift+V, म्हणजे फक्त किमती जातात. त्यानंतर लोकेल India करा. फॉर्म्युला पुन्हा चालवू नका, नाहीतर सुधारलेल्या परत उलटतील.

सातपूरकर, तुमच्या फॉर्म्युल्याकडे नंतर येतो.

मास्तर_सिन्नर

मी विषय जरा वेगळा समजलो होतो, पण सांगण्यासारखं आहे म्हणून लिहितो. ‘यादीतलं शेवटचं नाव’ हेही असंच फसवं. हजेरीपट हाताने लावताना आपण वर्णमालेने जातो: श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ. माझ्या वर्गात वर्षानुवर्षं ज्ञानेश्वर शेवटी आणि त्याच्या वर क्षितिज. यंदा यादी संगणकावर लावली तर क्षितिज क च्या घोळक्यात आणि ज्ञानेश्वर ज च्या. शेवटी आला हर्षल. मी वर्गात “शेवटच्याने फळा पुसायचा” म्हटलं, दोघं उठले.

असं का होतं ते कोणी सांगेल का? मला वाटलं फाँटची भानगड असेल.

वजनकाटा

फाँटची नाही. संगणकात क्ष हे वेगळं अक्षर नाहीच. क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं एकापुढे एक असतात. ज्ञ तसंच, ज, हलन्त, ञ. सॉर्ट करणारा पहिलं चिन्ह बघतो, म्हणून क मध्ये आणि ज मध्ये. ळ ला स्वतःचं चिन्ह आहे, पण युनिकोडमध्ये त्याची जागा ल च्या लगेच पुढे, व च्या आधी. मराठीची स्वतःची क्रमवारी, ज्यात ळ, क्ष, ज्ञ शेवटी असतात, तीही तयार केलेली आहे. पण तुमचा प्रोग्रॅम ती वापरतो की नाही हे त्याचं तो ठरवतो. एकाच यादीला दोन ठिकाणी दोन वेगळे शेवट मिळू शकतात. क्षितिज, ज्ञानेश्वर आणि हर्षल ही तीन नावं टाकून सॉर्ट करा, तुमच्या मशीनवर काय चालू आहे ते दोन सेकंदांत कळेल.

सातपूरकर

माझ्या फॉर्म्युल्यात काय चुकलं? रोज चालतो तो.

वजनकाटा

तुमच्या स्टोअरमध्ये चालतो, कारण तिथे एका मालाची एकच ओळ असते आणि यादी बहुतेक कोडप्रमाणे लावलेली असते. इथे एका शेतकऱ्याच्या पंधरा गाड्या आहेत.

तुम्ही शेवटचा FALSE लिहिला नाही. तो नसला की VLOOKUP गृहीत धरतो की B कॉलम चढत्या क्रमाने लावलेला आहे. लावलेला नसेल तर चूक दाखवत नाही, कुठलातरी आकडा देतो. दुसऱ्याच शेतकऱ्याचं वजन यायचं आणि ते खरंच वाटायचं.

FALSE लिहिला तरी तो वरून पहिली सापडेल तीच ओळ देतो. म्हणजे आज तारखेप्रमाणे लावली तर त्या शेतकऱ्याची पहिली गाडी, उद्या वजनाप्रमाणे लावली तर सगळ्यात हलकी गाडी. फॉर्म्युला तोच, उत्तर वेगळं. ओळ मोजण्याची भानगड गेली म्हणालात, ती गेली नाही, फक्त दिसेनाशी झाली.

आणि तो 4. तुम्ही B, C, D, E असं मोजून 4 काढलात ते बरोबर. पण पल्लवीताईंच्या पडद्यावर C दिसत नाही. त्या बोटाने मोजतील तर शेतकरी, क्रेट, वजन, म्हणजे 3 येईल, आणि 3 ला लपलेला C धरून D येतो, म्हणजे क्रेट. वजनाऐवजी ९२ आलं तर निदान डोळ्यांना दिसेल, एकसारखे आकडे असलेल्या शेजाऱ्यांत झालं असतं तर कळलंही नसतं. उद्या कोणी मध्ये एक कॉलम घातला तर B:E चं आपोआप B:F होतं, पण 4 तो 4 च राहतो.

नाव घेऊन सांगायचं तर हे बरं:

```
=XLOOKUP("शेतकऱ्याचं नाव",B:B,E:E,"",0,-1)
```

इथे मोजणी नाही, E चाच आकडा. मध्ये कॉलम घातला तर E:E आपोआप सरकतो. शेवटचा -1 म्हणजे खालून वर शोध. पण हेही ‘खालून पहिली’ ओळ देतं, ‘नवीन’ ओळ नाही. शीट उलटी लावली की पुन्हा तेच.

सातपूरकर

FALSE चं मान्य. बाकी आमचं स्टोअर दहा वर्षं असंच चाललंय, मी काही बदलणार नाही 🙂

कोडवाला_अंबड

डेटाबेसमध्ये काम करणाऱ्यांना हे लवकर शिकावं लागतं. टेबलमध्ये ‘शेवटची ओळ’ असं काही नसतंच. ORDER BY दिलं नाही तर ओळी कुठल्या क्रमाने येतील याची कोणी हमी देत नाही. काल ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने आज येतील असंही नाही.

आणि एक मजा बघा:

```sql
SELECT shetkari, vajan FROM pavtya ORDER BY 2;
```

हा 2 म्हणजे निवडलेल्या यादीतला दुसरा, वजन. कोणी मध्ये तारीख घातली की तीच क्वेरी तारखेप्रमाणे लावायला लागते, काही न बोलता. त्यात आमच्या काही भाषा शून्यापासून मोजतात. पायथनमध्ये `df.iloc[:, 2]` म्हणजे तिसरा कॉलम. आमच्या ऑफिसात “दुसरा कॉलम” म्हटलं की समोरचा विचारतो, माणसाचा दुसरा की मशीनचा?

रेकॉर्डरूम

मी सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. कॉम्प्युटर मला फारसा येत नाही. पण तुम्ही जुने छापील सरकारी नमुने बघितलेत का? मथळ्यांची ओळ असते, आणि तिच्या खाली आणखी एक बारीक ओळ: १, २, ३, ४... प्रत्येक रकान्याखाली त्याचा क्रमांक छापलेला. अ.क्र. चा रकाना पहिला धरायचा की नाही हा वादच नाही, त्याच्याखाली १ छापलंय. साहेबाने शेरा मारला, “रकाना ५ मधील नोंद तपासावी”, की सगळ्या तालुक्यांत रकाना ५ एकच. नमुना बदलला तर नवे क्रमांक छापून यायचे.

पल्लवी, तुझ्या काकांचा “दुसरा” आणि तुझा “दुसरा” जुळला ही नशिबाची गोष्ट. मथळ्याखाली एक ओळ टाक आणि नंबर दे. एवढंच.

बागायतदार_दिंडोरी

बघा, मी तेच म्हटलं होतं. अँगलवर ऑइलपेंट.

पल्लवी_ओझर

रेकॉर्डरूम काका, रकान्यांचं पटलं, आजच टाकते.

वजनकाटा दादा, फॉर्म्युला लावला. २१० पैकी २०४ ओळी झाल्या, सहा ठिकाणी #VALUE! आलं. त्या सहाही ओळी माझ्या चुलतभावाने टाकलेल्या आहेत. तो 25/3/2025 असं लिहितो, 03 नाही.

वजनकाटा

चूक माझी. मी MID(A2,4,2) लिहिलं, म्हणजे ‘चौथ्या जागेपासून दोन अक्षरं’. 25/03/2025 मध्ये ती 03 निघतात, 25/3/2025 मध्ये 3 आणि तिरपी रेघ. इतका वेळ मोजणीवरून बोलतोय आणि स्वतःच जागा मोजून तुकडे पाडले. रेघेवर तोडायला हवं होतं:

```
=IF(ISNUMBER(A2),
  DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)),
  DATE(INDEX(SPLIT(A2,"/"),1,3),
       INDEX(SPLIT(A2,"/"),1,2),
       INDEX(SPLIT(A2,"/"),1,1)))
```

अजून A वर चिकटवलं नसेल तरच हे लावा. सहा ठिकाणी चूक ओरडली हे बरं झालं. ती गप्प बसली असती तर जास्त महागात पडलं असतं.

झाल्यावर एक तपासणी करा. नव्या कॉलममध्ये सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी तारीख काढा, MIN आणि MAX ने. तुमचा हंगाम जानेवारी ते एप्रिल असेल तर मोठी तारीख एप्रिलच्या पुढे जाता कामा नये. डिसेंबर दिसला तर कुठेतरी अजून उलटी तारीख आहे.

पल्लवी_ओझर

झालं! MIN १८ जानेवारी, MAX १६ एप्रिल. दोन्ही डायरीशी जुळतात. लोकेल पण बदललं.

आता निरोपांचं सांगा. काकांना “E47 बदल” असं सांगायला शिकवू का?

वजनकाटा

E बरा, 47 नाही. डावीकडचे ते करडे आकडे ओळीचे नाहीत, जागेचे आहेत. सॉर्ट केलं की ओळ सरकते आणि 47 जागच्या जागी राहतो. काका नऊला 47 म्हणतील आणि तुम्ही साडेनऊला सॉर्ट केलेल्या शीटमध्ये दुसराच 47 उघडाल. फिल्टर लावल्यावर मात्र करडे आकडे खरे राहतात, मधले फक्त दिसत नाहीत. तिथे बोटाने मोजणारा फसतो.

ओळीला तिचं स्वतःचं नाव पाहिजे, जे तिच्याबरोबर सरकेल. तुमच्याकडे ते आयतं आहे: काट्याची पावती. प्रत्येक गाडीला पावती क्रमांक असतोच ना? तो कॉलम घाला. मग निरोप असा: “पावती ३१८, निव्वळ वजन, १४८० चं १८४०.” ओळ पावतीवरून, कॉलम मथळ्यावरून आणि जुना आकडा पडताळ्यासाठी. तुमच्या काकांनी १४८० लिहिलं होतं, मला तेवढ्याचं कौतुक वाटतं. २२०० दिसल्यावर तिथेच थांबायला हवं होतं.

आणखी एक आडवा पडताळा तुमच्याकडे आधीपासून आहे. तुमचे क्रेट साधारण २० किलोचे दिसतात. ३१ मार्चला ११० क्रेट असतील तर २२०० बरोबर. ८ एप्रिलला ९२ क्रेट, म्हणजे १८४०. वजन भागिले क्रेट असा एक कॉलम ठेवा. १४८० ला तिथे १६ दिसलं असतं, आणि तुम्ही बदललेल्या ओळीत पावणेसतराच्या आसपास. दोन्ही ओळी स्वतःहून हात वर करून उभ्या राहिल्या असत्या.

पल्लवी_ओझर

दोन्ही आकडे अगदी बरोबर, ११० आणि ९२ च होते! पावती क्रमांक आहेत, पण दोन वेगवेगळ्या काट्यांवर गाड्या जातात. दोन्हीकडे ३१८ असू शकतो. आणि तो कॉलम घालू कुठे? सगळ्यात आधी घातला तर तारीख B होईल, वजन F होईल, आणि रेकॉर्डरूम काकांनी सांगितलेले नंबर आत्ताच टाकून झालेत.

वजनकाटा

काट्यासाठी आधी एक अक्षर लावा, ओ-३१८, पि-३१८ असं. जागा शेवटी, H मध्ये. बाकीचं काही हलत नाही.

रेकॉर्डरूम

मला हे मान्य नाही. ओळखीचा क्रमांक पहिल्या रकान्यातच असावा, डोळा तिथेच जातो. एकदाच सगळे क्रमांक बदला आणि काकांना नवा नमुना छापून द्या. शेवटी ठेवलेला रकाना फोनवर दिसणारच नाही, काका पुन्हा “शेवटची ओळ” म्हणतील.

कोडवाला_अंबड

फोनवर H दिसत नाही हा मुद्दा खरा आहे. पण A मध्ये घातलं तर कुठे कुठे 4 किंवा 2 लिहिलेले फॉर्म्युले आहेत ते आधी शोधा.

सॉर्टच्या वेळचं पण ठरवा. पल्लवी, तुला तारखेप्रमाणे बघायचं असेल तर Data मधून Create filter view घे आणि त्यात लाव. ते तुझ्यापुरतं राहतं, काकांच्या फोनवर क्रम हलत नाही. सरळ Sort sheet केलं की सगळ्यांचं हलतं.

पल्लवी_ओझर

हे मला माहीतच नव्हतं. मी बारा लोकांची शीट रोज हलवत होते तर.

काकांना विचारलं कॉलम कुठे टाकू. ते म्हणाले, “कुठेही टाक, मी फोटो काढून त्यावर बोट ठेवून पाठवीन.”

मास्तर_सिन्नर

फोटो सगळ्यात बरा! पण फोटोत करडे आकडे आणि मथळा दोन्ही आले पाहिजेत. पालक मला गुणपत्रिकेचा अर्धाच फोटो पाठवतात, विषयांची नावं कापलेली असतात. मग ३५ मराठीत की गणितात हे शोधत बसायचं.

बागायतदार_दिंडोरी

ताई, एक विचारायचं राहिलं. माझ्या अँगलवर रस्त्याकडून १ ते ४५ आहेत. आता पलीकडचा अर्धा एकर घेतलाय, रस्त्याच्या बाजूलाच, नव्या १५ ओळी १ च्या आधी येतात. त्यांना काय नंबर देऊ? ४६ पासून दिले तर ६० नंतर चालत गेलं की १ लागतो. मजूर हसतात. पोरगा म्हणतो सगळे पुसून नव्याने टाक, पण दोन वर्षांच्या फवारणीच्या वहीत जुने नंबर आहेत.

वजनकाटा

वही बघून सांगा, ओळीचा नंबर आहे की ‘प्लॉट अ, ओळ ७’ असं?

बागायतदार_दिंडोरी

नुसता नंबर. तेव्हा एकच प्लॉट होता ना.